एकाच ऑर्डरवरचे दोन विकल्प

केंद्र सरकारच्या एका वर्कशॉपच्या आस्थापना शाखेत मी वेतननिश्चितीचं काम पाहते. फेब्रुवारी 2024 मध्ये आमच्याकडे मास्टर क्राफ्ट्समन पदाची पदोन्नतीची ऑर्डर निघाली. त्यातल्या सगळ्यांनी 12 फेब्रुवारीला नवीन पदाचा चार्ज घेतला. म्हणजे वेतनाच्या लेव्हल 5 मधून लेव्हल 6. ऑर्डरच्या दुसऱ्या पानावर नेहमीची ओळ होती: वेतन पदोन्नतीच्या तारखेपासून निश्चित करायचं की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून, याचा विकल्प एका महिन्यात द्यावा. दुसरं पान सहसा कुणी वाचत नाही. विकल्प दिला नाही तर पदोन्नतीची तारीख धरली जाते, आणि एकदा दिलेला विकल्प अंतिम असतो. त्यामुळे मुदत संपत आली की माझा जीव वरखाली होतो.

मुदतीच्या शेवटच्या दिवसांत दोघे जण एकदमच शाखेत आले. एक पस्तिशीतला फिटर, आणि दुसरे त्याच्याच सेक्शनमधले काका, जे 31 मे 2024 ला निवृत्त होणार होते. दोघांनीही फॉर्म भरून आणले होते. फिटरने लिहिलं होतं 'पदोन्नतीच्या तारखेपासून'. काकांनी लिहिलं होतं 'पुढच्या वेतनवाढीपासून', कारण शॉपमध्ये सगळे म्हणत होते की जुलैच घ्यावा, त्यात फायदा असतो. फॉर्म वाचले आणि मी आवक रजिस्टर बाजूला सारलं. दोघांच्या फॉर्मची अदलाबदल झाली असती तर ते बरोबर ठरले असते.

"मॅडम, आत्ता जास्त मिळतात ते सोडून कशाला?" फिटर म्हणाला. प्रश्न रास्त होता, म्हणून मी दोघांना बसवलं, पे मॅट्रिक्सचा तक्ता टेबलावर पसरला आणि फूटपट्टी घेतली.

फिटरचा मूळ पगार लेव्हल 5 मध्ये 38,100. पदोन्नतीच्या तारखेचा विकल्प घेतला तर आधी जुन्याच लेव्हलमध्ये एक वेतनवाढ द्यायची. तक्त्यात एक घर खाली उतरलं की 39,200. (इथे टक्केवारी लावून हिशेब करायचा नसतो, तक्त्यात छापलेला आकडा घ्यायचा.) मग लेव्हल 6 च्या रकान्यात 39,200 शोधायचे. ते तिथे नाहीत, म्हणून त्याच्या लगेच पुढचा आकडा, 39,900.

वेतनवाढीच्या तारखेचा विकल्प घेतला तर 12 फेब्रुवारीला वेतनवाढ मिळत नाही. 38,100 च्या लगेच पुढचा लेव्हल 6 मधला आकडा म्हणजे 38,700, तेवढाच मिळतो. दर महिन्याला 1,200 रुपये कमी, आणि फिटरची नजर तिथेच अडकली होती.

मी पट्टी जुलैवर आणली. 1 जुलै हा त्याच्या जुन्या पदावरच्या वार्षिक वेतनवाढीचा दिवस. त्या दिवशी जुन्या लेव्हलमध्ये एक सोडून दोन वेतनवाढी मिळतात, एक वार्षिक आणि एक पदोन्नतीची. 38,100 वरून 39,200, तिथून 40,400. लेव्हल 6 मध्ये त्याच्या लगेच पुढचा आकडा 41,100. पहिल्या विकल्पात मात्र जुलैला काहीच मिळत नाही. 2 जानेवारी ते 1 जुलै या काळात पदोन्नती झाली की पुढची वेतनवाढ थेट 1 जानेवारीला येते. म्हणजे जुलै 2023 ची वार्षिक वाढ घेतल्यानंतर पुढच्या वार्षिक वाढीसाठी त्याला जानेवारी 2025 पर्यंत, तब्बल दीड वर्ष, थांबावं लागलं असतं. हातातून जातंय ते हे, आणि ते पगाराच्या स्लिपवर कुठेच दिसत नाही.

"आणि जानेवारीत?" त्याने विचारलं. आता तो टेबलावर वाकून पाहत होता.

जानेवारीत दोन्हीकडे वेतनवाढ मिळते. जुलैला पुनर्निश्चिती झालेल्याला सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे 1 जानेवारीलाच पुढची वाढ देय होते. वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाचा 28 नोव्हेंबर 2019 चा आदेश तसा आहे. म्हणून 1 जानेवारी 2025 ला एका विकल्पात 41,100 आणि दुसऱ्यात 42,300. त्यानंतर दोन्हीकडे वाढ दर जानेवारीला, पण एक घराचा फरक कायम. जूनअखेरपर्यंत तो मूळ पगारात साडेपाच हजारांच्या आसपास गमावतो. जुलैपासून दरमहा 1,200 जास्त मिळायला लागले की डिसेंबरच्या आत ते भरून निघतात. पुढे निवृत्तीपर्यंत महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, एनपीएसचं योगदान, सगळं त्या वरच्या आकड्यावर.

त्याने तिथेच नवा फॉर्म मागितला.

काका मात्र हे ऐकून खूश झाले होते. "म्हणजे माझं बरोबर आहे ना, पोरी?"

नव्हतं. काकांचा मूळ पगार 45,400. पदोन्नतीच्या तारखेपासून निश्चिती केली तर एक वाढ देऊन 46,800, आणि लेव्हल 6 मध्ये 47,600. जुलैचा विकल्प घेतला तर तोपर्यंत 46,200. पण ते मेअखेर घरी जाणार, म्हणजे 1 जुलै त्यांच्या सेवेत येणारच नाही. दोन वेतनवाढींची पुनर्निश्चिती कागदावरच राहिली असती आणि शेवटचा पगार 46,200 वर थांबला असता. काका 1997 ला नोकरीला लागलेले, जुन्या निवृत्तिवेतन योजनेतले. शेवटच्या पगाराच्या निम्मं म्हणजे 23,800 ऐवजी 23,100. दरमहा 700 रुपये आणि त्यावरचा महागाई दिलासा, आयुष्यभर. ग्रॅच्युइटी आणि शिल्लक अर्जित रजेचे पैसेही त्याच 46,200 वर.

काका बराच वेळ तक्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सगळे जुलै जुलै म्हणतात, पण त्यांची रिटायरमेंट वेगळी, माझी वेगळी." त्यांनी आपला फॉर्म फाडला आणि दुसरा भरला. दोन्ही फॉर्म मी त्याच क्षणी आवक नंबर टाकून घेतले, पोच दोघांच्या हातात दिली आणि दोघांच्या सेवापुस्तकात नोंद केली. पोच नसेल तर वर्षभराने विकल्प दिला होता की नव्हता यावर वाद होतो, आणि कर्मचारी त्यात हरतो.

एवढ्यावर भागलं नाही. जुलैमध्ये फिटरचा पुनर्निश्चितीचा मेमो अकाउंट्सकडे तपासणीला गेला, तो आक्षेप घेऊन परत आला: पुढची वेतनवाढ 1 जुलै 2025 ला असायला हवी, जानेवारीला कशी? बिलाच्या प्रोग्राममध्येही जुलैच भरलेला होता. हा आक्षेप मला अनेक फाइलींवर दिसतो. जुलैला वाढ मिळाली म्हणजे पुढची वर्षानेच, असं डोक्यात बसलेलं असतं. वर्षाचं अंतर त्यापुढच्या वाढीपासून लागतं, पहिल्या वाढीला सहा महिने पुरतात. तो जुलै तसाच राहिला असता तर फिटरची वाढ सहा महिने मागे गेली असती आणि पुढे दरवर्षी सहा-सहा महिन्यांचा तोटा होत राहिला असता. मी 2019 च्या आदेशाची प्रत जोडली, वेतननिश्चितीचा आराखडा पुन्हा लिहिला, 38,700, 41,100 आणि 42,300 समोर तारखा घातल्या आणि फाइल स्वतः घेऊन गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी आदेश वाचला, आक्षेप मागे घेतला आणि सही केली. प्रोग्राममधली तारीख त्याच दिवशी बदलून घेतली.

आता पदोन्नतीच्या ऑर्डरसोबत मी एक वेगळा कागद लावते. त्यावर कर्मचाऱ्याचं नाव, आजचा मूळ पगार, पुढच्या वेतनवाढीची तारीख, निवृत्तीची तारीख आणि दोन्ही विकल्पांचे पुढच्या दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी असतात. विकल्पाच्या मुदतीचा शेवटचा दिवस वर लाल शाईने.