भाकरीचा तिसरा चतकोर

पडद्यावर जेवणारा माणूस कधीकधी चमत्कार करतो. घास तोडतो, खातो, समोरच्याशी दोन वाक्यं बोलतो, आणि तेवढ्यात ताटातली भाकरी पुन्हा अख्खी होते. प्रेक्षक हसतो आणि पुढं बघायला लागतो. पण त्या भाकरीमागं कुणीतरी वहीत एक ओळ लिहायची राहून गेलेली असते. एकाच प्रसंगाचे वेगवेगळ्या वेळी घेतलेले शॉट एकमेकांशी जुळते ठेवणं म्हणजे कंटिन्युइटी. तिच्या वहीतली ती एक ओळ कशी असावी, यावर बोलण्यासारखं बरंच आहे. त्यासाठी आपण मुद्दाम अवघड प्रसंग घेऊ.

अंबाजोगाईच्या वाटेवरचं एक माळवदाचं घर धरा. मे महिन्याचा मध्य, पेरणीची चिंता डोक्यावर. सीन १४: दिवेलागणीची वेळ, ओसरीवर कंदील, म्हातारा जेवायला बसलाय, ताटात ज्वारीची भाकरी आणि येसरची आमटी. पोरगा लातूरहून आडतीवरून येतो आणि उभ्याउभ्याच सांगतो, "आबा, आडत्यानं हात वर केले. पेरणीपुरतंबी पैसं देईना." म्हातारा घास खाली ठेवतो. सीन एवढाच.

एरवी आधी मास्टर घेतात, म्हणजे सगळा प्रसंग दाखवणारा लांबचा शॉट, आणि मग जवळचे शॉट त्याला जुळवत जातात. इथं ते जमत नाही. मास्टरमध्ये माळवदाच्या वर आकाश दिसतं आणि ते संधिप्रकाशातलंच हवं. त्या दिवसांत तिथं सूर्य साधारण सहा पन्नासला मावळतो आणि कामाचा निळसर उजेड जेमतेम पंधरा-वीस मिनिटं टिकतो. तेवढ्यात फार तर दोन-तीन टेक होतात. म्हणून जवळचे तीन शॉट दुपारीच, ओसरी काळ्या कापडानं झाकून, कंदिलाच्या उजेडाचा आभास करून उरकावे लागतात. म्हणजे जुळवायचं कशाला, तो मूळ शॉट अजून जन्मालाच आलेला नाही, आणि नोंद मात्र आत्ताच पक्की हवी.

इथंच मोबाईलवरच्या फोटोंचा भरवसा उघडा पडतो. फोटो ढीगभर काढलेले असतात. वस्तू कुठं होती ते फोटो सांगतो, पण कधी होती ते सांगत नाही. सिनेमात कापाकापी होते ती शब्दाशी, त्यामुळं नोंदही शब्दाला बांधलेली हवी. उदाहरणार्थ: "सीन १४, शॉट ३, टेक ४, ओके. कथेचा दिवस तिसरा. 'आबा' या शब्दावर घास ताट आणि तोंड यांच्या मध्ये, उजवा हात. 'हात वर केले' यावर नजर वर, घास तसाच. 'पैसं देईना' संपल्यावर घास ताटाच्या डाव्या कडेला, आमटीत नाही. डावा हात पूर्ण वेळ गुडघ्यावर." बस. वाचणाऱ्याला सगळं डोळ्यासमोर दिसतं. "म्हातारा जेवतोय, दुःखी" अशी नोंद लिहिणारेही आहेत. त्यांनी पटकथेचा गोषवारा लिहावा, हे काम त्यांचं नव्हे.

या नोंदीत 'ओके', म्हणजे हाच टेक पसंत, हा शब्द सगळ्यात मोलाचा. टेक दुसऱ्यात घास आमटीत पडला, टेक चौथ्यात कडेला. फोटो दोन्हींचे आहेत. नंतर घाईत दुसऱ्याचा फोटो उघडला की मास्टर चुकलाच. म्हणून फोटोत सीन-टेकचा आकडा लिहिलेली क्लॅपची पाटी दिसलीच पाहिजे. शिवाय फोटो 'कट' म्हटल्याबरोबर, सामान मांडणाऱ्या आर्टवाल्यांचा हात ताटाला लागायच्या आत काढायचा. तेव्हा "हलू नका कुणी" असं ओरडावं लागतं. ते ओरडणं कुणालाच आवडत नाही, तरी ओरडावंच.

आता भाकरी. सीन सुरू होतो तेव्हा एक चतकोर खाऊन झालेला आहे. दुसरा चतकोर सीनमध्ये मोडतो. तिसरा आणि चौथा शेवटपर्यंत शाबूत. म्हणजे तिसऱ्या चतकोराची कड ही आपली खूण: ती तुटली तर काहीतरी बिघडलं. प्रत्येक टेकला फक्त दुसरा चतकोर बदलून चालत नाही, कारण हातानं मोडलेल्या दोन कडा एकमेकींना कधीच जुळत नाहीत. तिथली भेग क्लोजअपमध्ये स्पष्ट दिसते. म्हणून टेकला एक भाकरी. तीन शॉट, प्रत्येकी पाच टेक धरले तर पंधरा. संध्याकाळच्या मास्टरसाठी पाच ताटं आधीच वाढून तयार, कारण तेव्हा भाकरी मोडत बसायला वेळ नसतो. वर चार-पाच हाताशी. पंचवीसेक भाकरी आणि अडीच किलोच्या आसपास पीठ, असा हिशोब आर्टवाल्यांना आदल्या दिवशीच द्यायचा.

त्या सगळ्या भाकरी एकाच बाईंच्या हातच्या आणि एकाच तव्यावरच्या असाव्यात. एकीवर करपल्याचे काळे ठिपके आणि दुसरी पांढरीफटक असं कॅमेऱ्यात लगेच कळतं. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत भाकरी उघडी राहिली की कडकडीत होते, आणि मग फरक नुसता डोळ्यांना दिसत नाही, कानांनाही ऐकू येतो. पहिल्या टेकला भाकरी गप मोडते, पाचव्याला 'कट्' वाजते. आवाज जागेवरच रेकॉर्ड होत असेल तर तो 'कट्' नेमका पोराच्या वाक्यावर येतो. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की हे टळतं. फडकं फार ओलं झालं तर भाकरी लिबलिबते, तेही बघायचं. आमटीचंही तसंच: वाटीच्या कडेला वाळलेला काळपट थर धरतो, म्हणून वाटी दर टेकला पुसून नव्यानं भरायची. आणि नटाचाही विचार करा. घास बारका घ्यायचा, 'कट' म्हटल्यावर टाकायला बाजूला भांडं ठेवायचं. पंधरा टेक खरंच खाल्ले तर सोळाव्याला म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं दुःख वेगळ्याच कारणाचं असेल.

पाण्याच्या काचेच्या ग्लासाची गंमत अशी की बहुतेक जण पाण्याच्या पातळीला, कॅमेऱ्याच्या उलट्या बाजूला, एक टिकली चिकटवतात. युक्ती चांगली आहे. मग कॅमेरा पोराच्या खांद्यामागून म्हाताऱ्याच्या खांद्यामागं जातो आणि टिकली थेट पडद्यावर. त्यापेक्षा पाणी मापानं ओतावं. एक ठरावीक वाटी पाणी हेच माप, आणि ती वाटी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.

कपड्यांत बाह्यांच्या घड्या मोजतात, वरची किती बटणं उघडी ते लिहितात, हे ठीकच. या भागात खरा घात करते ती धूळ. पोरगा लातूरहून येताना काळ्या मातीच्या रानातून, मग गावातल्या रस्त्यानं आलाय. पायांवर काळी माती असायला हवी. पण ज्या घरात शूटिंग चाललंय तिथं अंगणात मुरूम टाकलेला आहे आणि दोन फेऱ्यांत पोराचे पाय पांढरट होतात. बरं, ओली काळी माती लावली तर वाळताना तिचा रंग उतरतो. अर्ध्या तासात ती राखाडी दिसते. म्हणून माती रानातूनच पोत्यात आणायची, कोरडी चाळून ठेवायची, आणि टेकपूर्वी हातानं चोळायची. नोंदीत "पाय मळके" असं नको. "काळी, कोरडी, घोट्याच्या चार बोटं वरपर्यंत, डाव्या पायाला जास्त" असं हवं. घामाचा डागही लवकर सुकतो आणि मागं मिठाची पांढरी रेघ सोडतो. म्हणून फवाऱ्यात पाण्याबरोबर ग्लिसरीन असतं, ते सावकाश सुकतं. तरी डाग कुठून कुठपर्यंत, तो फोटो हवाच.

मास्टरआधीच्या फटीत सीन १३ घ्यायचा असतो: ऊन अजून आहे, पोरगा दारातून आत येऊन अंगण ओलांडतो. समोर चार फुटी तुळशी वृंदावन. पाच वाजता त्याची सावली साधारण नऊ फूट असते आणि पाच पन्नासला सतरा फुटांच्या वर जाते. पन्नास मिनिटांत दुप्पट. पाच वाजताचा शॉट आणि सहाला दहा कमी असतानाचा शॉट एकमेकांना जोडले तर पोरगा अंगण ओलांडेपर्यंत तासभर लागला असं दिसतं. म्हणून दर शॉटच्या नोंदीत घड्याळाची वेळ लिहायची आणि सावलीचं टोक कुठं आहे तेही: "सावली ओसरीच्या दुसऱ्या खांबाशी." दोन शॉटमध्ये वीस मिनिटांहून जास्त गेली तर दुसऱ्या शॉटमध्ये जमीन दाखवायची नाही, हे दिग्दर्शकाला त्याच वेळी सांगायचं.

ही ओसरी उत्तरेकडं तोंड करून आहे, आणि त्यातही एक खोच आहे. जागा डिसेंबरात बघितली असेल तर तिथं दिवसभर सावली दिसलेली असते आणि सगळे खूश असतात. मेच्या मध्यात अंबाजोगाईच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो आणि संध्याकाळी पश्चिमेच्याही थोडा उत्तरेकडं मावळतो. त्यामुळं काळं कापड फक्त समोरून लावलं असेल तर पाचच्या सुमाराला तिरकं ऊन थेट ओसरीत शिरतं, म्हाताऱ्याच्या कानावर. दिवेलागणीच्या सीनमध्ये कानावर ऊन! ओसरीची पश्चिम बाजू ताडपत्रीनं बंद करायची हे दिवसभराच्या कामाच्या यादीत, कॉलशीटवर, आदल्या रात्री असायला हवं.

याच घरात सीन ४६ पण त्याच दिवशी उरकायचा असतो, कथेत दहा दिवसांनंतरचा. तिथं जुळवायचं नसतं, फरक करायचा असतो: म्हाताऱ्याची दाढी, कंदिलाची काजळी, बदललेला शर्ट. पहिल्या पानावर सीनऐवजी कथेचे दिवस मांडलेला तक्ता असेल तर गोंधळ होत नाही.

सगळंच जुळवायचं म्हटलं तर मात्र काम होणार नाही. नजर चेहऱ्यावर, हातावर आणि हातातल्या वस्तूवर असते. फडताळातला डबा चार बोटं सरकला तर सरकू दे. एडिटर चांगल्या अभिनयाचा टेक घेतो, घास चुकलेला असला तरी. म्हणून त्याच्या पानावर तेवढं लिहून ठेवावं: "टेक ५ अभिनय उत्तम, घास आमटीत. 'पैसं देईना'च्या आधी पोरावर कट केला तर चालेल."

आणि राहिलेल्या शॉटचं पॅचवर्क डिसेंबरात निघालं तर? कपडे, ताट, माती सगळं जपलेलं असतं. पण डिसेंबरात त्याच पाच वाजता सावली उंचीच्या सहापट असते, सूर्य पावणेसहाच्या सुमारालाच मावळतो, आणि तोही पश्चिमेच्या दक्षिणेकडं. म्हणजे मेमध्ये आग्नेयेकडं झुकणारी सावली आता ईशान्येकडं झुकते. अंगणातली चाल पुन्हा घेऊच नये. पोराचा कमरेवरचा शॉट दाराच्या चौकटीत, सावलीत, मागं भिंत ठेवून घ्यावा. त्यासाठी मेच्या वहीत प्रत्येक शॉटपुढं कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं ते लिहिलेलं असेल तर काम अर्ध्या तासात होतं, नाहीतर अख्खं युनिट मोबाईलवर होकायंत्र उघडून बसतं.