तुम्ही विचारलंत म्हणून: हजारामागचा आकडा

"एकच क्लिप चार ठिकाणी टाकता. मग हजार फॉलोअर्समागे किती व्ह्यूज आले ते काढलं की कुठे बरी चालली ते कळलंच ना? त्यात एवढं अडखळण्यासारखं काय आहे?"

अडखळते, कारण हा भागाकार मी केलेला आहे, तो कागदावर मांडलेला आहे आणि त्याच्या जोरावर एका माणसाचं काम गेलेलं पाहिलेलं आहे. तुमच्यापैकी बरेच जण स्वतःची पानं चालवता. त्यामुळे रील म्हणजे काय, इनसाइट्स कुठे दिसतात हे सांगत बसत नाही. थेट त्या क्लिपकडे येते.

द्राक्षबागायतदारांसाठी सल्ला देणाऱ्या एका संस्थेसाठी मी आकडे बघत होते. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट कशी लावायची, याची मिनिटभराची क्लिप होती. तीच क्लिप, तोच मथळा, एकाच संध्याकाळी चारही ठिकाणी टाकलेली. सात दिवसांनी मी आकडे उतरवले. इथे सोयीसाठी गोल करून देते. फेसबुकवर ८०,००० फॉलोअर्स, ४०,००० व्ह्यूज. यूट्यूबवर ३०,००० सबस्क्रायबर, शॉर्टला २४,००० व्ह्यूज. इन्स्टाग्रामवर १२,००० फॉलोअर्स, १८,००० व्ह्यूज. एक्सवर १,५०० फॉलोअर्स, ३,००० व्ह्यूज.

नुसते व्ह्यूज पाहिले तर फेसबुक पहिलं. पण फेसबुकचं पान जुनं, मोठं. एक्सचं खातं कालपरवाचं. म्हणून हजारी काढायची पद्धत. व्ह्यूजना फॉलोअर्सनी भागायचं आणि हजाराने गुणायचं. तसं केल्यावर एक्स २,०००, इन्स्टाग्राम १,५००, यूट्यूब ८०० आणि फेसबुक ५००. क्रम पुरता उलटा झाला. पहिला शेवटी गेला आणि शेवटचा पहिला आला.

हे बैठकीत पडद्यावर आलं तेव्हा संस्थेच्या प्रमुखांनी तक्ता पाहून एकच वाक्य म्हटलं: "म्हणजे सगळ्यात मोठ्या पानावर सगळ्यात कमी काम होतंय." फेसबुकचं पान एक काका सांभाळत. स्वतः बाग केलेला माणूस. क्लिपखाली कुणी विचारलं की पेस्ट लावली आणि दुपारी पाऊस आला, आता पुन्हा लावू का, तर ते आधी विचारायचे की मध्ये किती तास गेले, बाग कुठल्या भागातली, आणि मगच उत्तर द्यायचे. ते बैठकीत माझ्या शेजारीच बसले होते. तक्ता बराच वेळ बघून मला हळूच म्हणाले, "ताई, यातला माझा आकडा कुठला?" मी बोट दाखवलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

तक्त्याखाली मी लिहिलं होतं की चारही ठिकाणची व्ह्यूची व्याख्या सारखी नाही आणि फॉलोअर्सपैकी किती जण अजून ते ॲप उघडतात हे यात धरलेलं नाही. ते आजही माझ्या फाइलमध्ये आहे. पण पुढच्या आठवड्यात जो स्क्रीनशॉट वरपर्यंत फिरला त्यात फक्त शेवटचा रकाना होता. काकांचं मानधन बंद झालं. यापुढे फेसबुकला वेगळी क्लिप नको, इन्स्टाग्रामवरूनच आपोआप शेअर करा, असा आदेश निघाला. तेव्हाची मी आजही माझ्याशी वाद घालते. ती म्हणते, तळटीप स्पष्ट होती, कापणाऱ्याने कापली, त्याला मी काय करू? तिचं म्हणणं खोटं नाही. पण ज्या रकान्यातल्या आकड्याला तळटीपेशिवाय अर्थ नाही, तो रकाना सुटा कापता येईल असा ठेवावा का, यावर आमचं दोघींचं अजून एकमत झालेलं नाही.

आता त्या आकड्यांच्या पोटात जाऊ, कारण राग बाजूला ठेवला तरी हिशेब उरतोच.

एक्सचे ३,००० आधी घ्या. पोस्टखाली सगळ्यांना दिसणारा आकडा हा पोस्ट किती वेळा नजरेसमोर आली त्याचा असतो. व्हिडिओ किती वेळा पाहिला गेला हे वेगळं मोजलं जातं, आणि तिथे निदान २ सेकंद चालावा, तेही किमान निम्मा व्हिडिओ पडद्यावर असताना, अशी अट असते. आमच्या क्लिपचा तो आकडा ९०० निघाला. हजारी २,००० वरून ६०० वर आली. शिवाय १,५०० फॉलोअर्सच्या खात्याचं एक दुखणं असतं. कुणा मोठ्या खात्याने ती पोस्ट पुढे ढकलली आणि हजार व्ह्यूज जास्त आले, तर हजारीत ६६७ची भर पडते. तेच हजार व्ह्यूज फेसबुकवर आले तर भर पडते साडेबाराची. छोट्या खात्याची हजारी एका माणसाच्या बोटाने उड्या मारते. म्हणून एवढ्या लहान खात्याला मी आता क्रमवारीत बसवतच नाही.

यूट्यूबचं वेगळं आहे. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू धरला जातो. किती वेळ पाहिला याची अट नाही. जुन्या पद्धतीने मोजलेला आकडा स्टुडिओत ‘एंगेज्ड व्ह्यूज’ या नावाने मिळतो. आमचा तो १५,००० होता, म्हणजे हजारी ८०० नव्हे, ५००. त्या तारखेच्या आधीच्या शॉर्टशी नंतरच्या शॉर्टची तुलना कुणी नुसत्या व्ह्यूजवर करून दाखवली, तर क्लिप सुधारली की मोजपट्टी बदलली हे त्यातून ओळखता येत नाही.

पण खरा घोळ खालच्या आकड्यात आहे, ज्याने आपण भागतो त्यात. फॉलोअर्सनी भागणं म्हणजे पाहणारे फॉलोअर्समधूनच येतात असं गृहीत धरणं. रील आणि शॉर्टच्या बाबतीत ते धरवत नाही. इनसाइट्समध्ये व्ह्यूज फॉलोअर्सकडून किती आणि बाहेरच्यांकडून किती हे दिसतं. आमच्या इन्स्टाग्रामवर ७० टक्के बाहेरचे होते, फेसबुकवर २० टक्के. म्हणजे १८,००० पैकी फॉलोअर्सचे व्ह्यूज ५,४००. भागिले १२,०००, हजारी ४५०. फेसबुकवर ४०,००० पैकी ३२,०००. भागिले ८०,०००, हजारी ४००. बैठकीत जो फरक तिप्पट दिसत होता, तो ४५० आणि ४०० एवढाच होता. आणि फेसबुकच्या त्या ८०,००० मध्ये कित्येक वर्षांपूर्वी पान लाइक करून नंतर फेसबुक सोडून दिलेलेही होते. पाहणं त्यांना शक्यच नव्हतं, पण भागाकारात ते बसलेले होते. पान जितकं जुनं, तितके असे मुक्कामी जास्त, तितकी हजारी खाली. काकांच्या पानाला ‘कमी काम’ म्हटलं गेलं, त्यातला मोठा वाटा पानाच्या वयाचा होता.

(४५० याचा अर्थ हजारातली ४५० माणसं असाही घेऊ नका. एकच माणूस पेस्ट लावण्याची पद्धत तीनदा बघतो, आणि त्याचे तीन व्ह्यूज होतात. माणसं मोजायची तर रीच हा आकडा घ्यावा लागतो.)

यावर लगेच विचारलं जातं, मग भागायचं कशाने? मी आता खात्याच्या स्वतःच्या सवयीने भागते. त्या खात्यावरच्या मागच्या वीसेक क्लिपांचे, प्रत्येकीचे टाकल्यापासून सात दिवसांचे व्ह्यूज चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला आकडा घ्यायचा. सरासरी नको, कारण एखादी क्लिप लाखावर गेली की सरासरी तिच्यामागे फरफटत जाते. पैसे देऊन बूस्ट केलेल्या क्लिपा आधीच बाजूला काढायच्या. आमच्या फेसबुकचा असा मधला आकडा १६,००० होता, इन्स्टाग्रामचा १५,०००, यूट्यूबचा २०,०००. म्हणजे पेस्टची क्लिप फेसबुकवर नेहमीच्या अडीच पट चालली, आणि इन्स्टाग्राम व यूट्यूबवर १.२ पट. त्या क्लिपसाठी सगळ्यात चांगली जागा फेसबुक होती. व्याख्या प्रत्येक ठिकाणची वेगळी असली तरी इथे अडत नाही, कारण वर आणि खाली तीच व्याख्या येते आणि कटते. मुक्कामी फॉलोअर्सही तसेच कटतात.

हे मी त्या बैठकीआधी का नाही केलं? मागितलं गेलं नव्हतं. एका ओळीत बसेल असा एक आकडा हवा होता, आणि हजारी बसते. मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं, की हजारी वाईट मोजमाप नाही. एकाच खात्यावर, फॉलोअर्स १०,००० वरून १२,००० झाले असताना, यंदाची क्लिप गेल्या वर्षीच्या क्लिपशी ताडून बघायची तर हजारीच लावावी, फक्त फॉलोअर्सचा आकडा क्लिप टाकली त्या दिवशीचा हवा, आजचा नको. एकाच ठिकाणच्या, साधारण सारख्या आकाराच्या आणि वयाच्या दोन पानांनाही ती चालते. चार वेगवेगळ्या ठिकाणांना एका रांगेत उभं करायला ती चालत नाही, कारण फॉलोअर्स वाढतात तेवढ्या प्रमाणात व्ह्यूज वाढत नाहीत, आणि लहान खातं बसल्या जागी वर येतं.

पण पट काढण्यालाही मर्यादा आहे, आणि ती लपवून मी तुमच्याकडून मान डोलावून घेणार नाही. पट सांगतो की ही क्लिप त्या खात्याच्या मानाने कशी चालली. फेसबुक ठेवावं की बंद करावं, हे पट सांगत नाही. नेहमीच रडतखडत चालणाऱ्या खात्यावर एखादी क्लिप बरी चालली तर पट मोठाच येतो. प्रमुखांचा प्रश्न क्लिपचा नव्हताच, तो कुठे पैसा खर्च करायचा याचा होता. त्याचं उत्तर क्लिपखालच्या प्रश्नांत होतं, आणि प्रश्न कुणी मोजले नव्हते. आता तर फेसबुकला वेगळी क्लिपच जात नाही. इन्स्टाग्रामवरून फेसबुकवर गेलेल्या रीलचे व्ह्यूज दोन्हीकडचे मिळून दिसतात, आणि संस्थेतले लोक तोच एकत्र आकडा इन्स्टाग्रामच्या १२,००० ने भागून मला पाठवतात. हजारी छान वाढली आहे म्हणतात.

बाहेरच्यांच्या व्ह्यूजचं कोडं तर माझ्यासाठी तसंच पडून आहे. इन्स्टाग्रामचे ते ७० टक्के काढून टाकले की तुलना न्याय्य होते, हे मी वर करून दाखवलं. पण पेस्ट लावायला निघालेला, आमचं नावही न ऐकलेला बागायतदार त्याच ७० टक्क्यांत असतो. क्लिप त्याच्यासाठीच केली होती. त्याला हिशेबात घ्यायचं तर खाली कुठला आकडा ठेवायचा? फॉलोअर्स नाहीत, तालुक्यातले द्राक्षबागायतदार म्हणावं तर त्यांच्यापैकी किती जण रील बघतात ते इनसाइट्स दाखवत नाहीत. मी सध्या ते व्ह्यूज भागाकार न करता वेगळ्या रकान्यात लिहून ठेवते, आणि तो रकाना पडद्यावर आला की दर वेळी कुणीतरी विचारतं, याची हजारी किती?