खिशावरचा भरतकामाचा लोगो, फोटोशॉपमध्ये

उद्यमनगरातल्या एका कारखान्याला गणवेशाचा फोटो आधी बघायचा होता, भरतकाम नंतर. आकाशी शर्ट, खिशावर मरून धाग्यातला लोगो. शर्ट घातलेल्या कामगाराचा फोटो त्यांनीच दिला. खिशावर वरच्या कोपऱ्यातून खाली उतरणारी एक तिरकी चुणी होती. लोगो नुसता ठेवून दाखवल्यावर मालक म्हणाले, "काय ओ, हे स्टिकर चिकटवल्यागत दिसतंय."

मग लोगो चुणीप्रमाणे वाकवणारं Displace फिल्टर वापरायचं ठरलं. त्याला शर्टाचाच एक करडा नकाशा लागतो. फोटोची प्रत ग्रेस्केल केली आणि PSD म्हणून वेगळी सेव्ह केली, कारण हे फिल्टर नकाशा म्हणून PSD फाइलच घेतं. त्याआधी दोन गोष्टी कराव्या लागतात. एक म्हणजे Gaussian Blur. कापडाची वीण पुसट होऊन फक्त चुणी उरेपर्यंत तो वाढवायचा, नाहीतर लोगोच्या कडा करवतीसारख्या दातेरी होतात. दुसरी गोष्ट बरेच जण सोडून देतात. मध्यम करडा रंग म्हणजे 'जागचं हलू नको', त्याहून उजळ भाग एका दिशेला सरकवतो, गडद भाग उलट दिशेला. आकाशी शर्टाचा नकाशा सगळाच उजळ येतो, त्यामुळे लोगो वाकण्याऐवजी अख्खाच बाजूला सरकतो. म्हणून Levels मधला मधला बाण हलवून खिशाचा सपाट भाग मध्यम करड्यावर, म्हणजे 128 च्या आसपास आणला.

लोगोवर धाग्यांच्या तिरप्या रेघा आणि हलका Bevel & Emboss आधीच देऊन तो लेयर सपाट करून घेतला, म्हणजे टाकेही चुणीबरोबर वळतात. मग Filter > Distort > Displace, आडवं आणि उभं दोन्ही स्केल 5. 100 ला जास्तीत जास्त 128 पिक्सेल सरकतात, म्हणजे 5 ला सहाएक. 15 करून पाहिलं तर लोगो मऊ कापडावर छापल्यासारखा लोळला. खरं भरतकाम असं लोळत नाही. टाके दाट असतात, मागे बकरम असतं, त्यामुळे तेवढा तुकडा ताठ राहतो आणि चुणी त्याच्या कडेपाशी येऊन मंदावते. एम्ब्रॉयडरीवाल्या काकांकडचा एक तयार शर्ट हातात धरून बघितला, तेव्हा 5 सुद्धा जास्त वाटलं. शेवटी 3 ठेवलं.

सावलीसाठी खिशाच्या त्या तुकड्याची करडी प्रत लोगोवर Multiply मध्ये ठेवून अपारदर्शकता निम्म्यावर आणली. लोगोच्या कडेने कापडावर अगदी बारीक गडद रेघही ओढली, कारण टाक्यांच्या ताणाने तिथे कापड जरा आत ओढलं जातं. मालकांनी तो फोटो मान्य केला.

त्यांच्या सुपरवायझरचा शर्ट मात्र काळा. त्या फोटोत उजेड-सावलीचा फरकच एवढा कमी की नकाशात चुणी दिसेना. तिथे Edit > Transform > Warp घेऊन लोगो हातानेच वाकवला.