सलून रिकामं केलं, डिपॉझिट अडकलं

मी इंदूरला वकिली करते, त्यातही जास्त कामं किरायानाम्यांची. २०२५ च्या मे अखेरीस अन्नपूर्णा रोडवर ब्युटी सलून चालवणाऱ्या एक ताई आल्या, त्यांना दुकान सोडायचं होतं आणि ३१ मेला चाव्या देऊन डिपॉझिट घ्यायचं एवढंच काम, पण मालकांनी उलटाच हिशोब पाठवलेला. डिपॉझिट ३,६०,००० आणि मालकांची मागणी ४,६५,०००. म्हणजे दुकानही सोडा आणि वरून एक लाख पाच हजार द्या!

किरायानामा ९ वर्षांचा, रीतसर रजिस्टर केलेला, मालकाच्या बाजूने कुणीतरी एखाद्या मॉलच्या फॉरमॅटवरून उतरवलेला दिसत होता. महिन्याचा किराया ६०,००० (जीएसटी वेगळा, इथले सगळे आकडे तो सोडून), दर ३ वर्षांनी १५ टक्के वाढ, ३६ महिन्यांचं लॉक-इन, म्हणजे तेवढे महिने किरायेदाराला दुकान सोडता येत नाही. ताब्याची तारीख १ एप्रिल २०२२, त्यानंतर दोन महिने फर्निचर-प्लंबिंगसाठी बिनकिरायाचे आणि किराया सुरू १ जून २०२२ पासून. सगळी गंमत या दोन तारखांमध्येच होती.

मालकांची पहिली मागणी १८,००० ची. म्हणे वाढ १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली, ताईंनी एप्रिल-मेचे साठ-साठ हजारच भरले, महिन्याला नऊ हजार कमी. ताई म्हणाल्या, "अहो पण किराया तर जूनपासून सुरू झाला ना, तीन वर्षं मेमध्ये संपतात." ऐकायला बरोबर वाटतं, पण व्याख्यांच्या पानावर 'प्रारंभ तारीख' म्हणजे ताबा दिल्याची तारीख असं स्वच्छ लिहिलेलं होतं आणि वाढीचं कलम त्याच शब्दाला बांधलेलं. लॉक-इनचं कलम मात्र 'किराया सुरू झाल्यापासून' ३६ महिने. वाढ लवकर यावी आणि माणूस उशिरापर्यंत बांधलेला राहावा, अशी व्यवस्थित बांधणी. अन्यायाचं वाटलं तरी सही केलेली आहे, हे अठरा हजार द्यावे लागतील असं मी तिथेच सांगितलं.

दुसरी मागणी मोठी. ताईंनी १ मार्चला तीन महिन्यांची नोटीस दिली, म्हणजे लॉक-इन संपतं त्याच दिवशी, ३१ मेला, बाहेर. कलमात होतं, 'लॉक-इन संपल्यानंतर किरायेदार तीन महिन्यांची नोटीस देऊन करार संपवू शकेल'. मालकांचं म्हणणं, नोटीसच १ जूननंतर द्यायची, म्हणजे ऑगस्टपर्यंतचा किराया, ६९,००० चे तीन, २,०७,०००. आता या वाक्याचे दोन्ही अर्थ निघतात, 'संपल्यानंतर' हा शब्द नोटिशीला लावा नाहीतर करार संपण्याला लावा. खरं सांगायचं तर मला मालकांच्या अर्थाचंच पारडं जरा जड वाटत होतं. 'नोटीस लॉक-इनच्या काळातही देता येईल, मात्र ती लॉक-इन संपण्याआधी पूर्ण होऊ नये' एवढं एक वाक्य असतं तर दोन लाखांचा वाद झालाच नसता. (रजिस्ट्रीच झाली नसती तर नऊ वर्षांच्या कराराचं लॉक-इन कोर्टात उभं करणंच मालकांना अवघड गेलं असतं, पण इथे ती पळवाट नव्हती.)

तिसरी मागणी २,४०,००० ची, 'जागा मूळ स्थितीत आणण्याचा खर्च'. फॉल्स सीलिंग काढा, टाइल्स उखडा, शॅम्पू स्टेशनची पाइपलाइन काढा, भिंती रंगवा. मूळ स्थिती म्हणजे काय हे करारात कुठेच नाही, ना फोटो ना यादी. ताईंनी फिट-आउटवर नऊ लाख घातलेले, विजेचा लोड स्वतःच्या खर्चाने तीनवरून दहा किलोवॅट करून घेतलेला, त्याची भरपाई द्यायचं कलम नाही आणि स्वतःहून सोडताना मागायला आधारही नाही.

मी ताईंना दोन गोष्टी सांगितल्या. एक, काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो शोधा, ठेकेदाराच्या फोनमध्ये असतीलच, आणि निघाले, तारखेसकट: खाली कोटा स्टोन, भिंती नुसत्या पुट्टीच्या. दोन, हिशोब होईपर्यंत चावी हातातून सोडू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८व्या कलमाप्रमाणे किरायेदाराला आपण बसवलेल्या वस्तू काढून नेता येतात, करार संपल्यावरसुद्धा, पण ताबा त्याच्याकडे आहे तोवरच, आणि जागा मिळाली तशी ठेवून. एकदा चावी दिली की एसी आणि आरसेसुद्धा मागत बसायची वेळ येते.

३१ मेला सकाळी आम्ही दुकानात जमलो. मालक काका, त्यांचा भाचा, ताई, मी. काका टाइल्सवर काठी आपटून "हे सगळं उखडायचंय" म्हणत होते आणि तेवढ्यात एक माणूस टेप घेऊन आत आला, सीलिंगची उंची मोजली, काकांना विचारलं, "ये एसी की पाइपिंग रहेगी ना?" भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. विचारलं तर कळलं, हा मेडिकल स्टोअरवाला, १ जुलैपासून दुकान घेतोय, आणि त्याला टाइल्स, सीलिंग, वाढवलेला लोड सगळं हवंय, म्हणून तर घेतोय.

पुढचं बोलणं एकदम सोपं झालं. मी म्हटलं, "काका, करार कायद्याचं ७३ आणि ७४ कलम नुकसानीची वाजवी भरपाई देतं, बक्षीस नाही. जुलैपासून तुम्हाला नवा किराया येणार, मग जुलै-ऑगस्ट ताईंकडून कसा मागता? आणि जे सीलिंग तुम्ही काढणारच नाही, ते काढण्याचा खर्च कसला?" काका थोडे चिडले, "तुम्ही त्यांच्याकडून बोलणारच." बरोबर आहे, पैसे त्याचेच घेते मी. पण मग तळघराच्या गोदामात चला म्हणाले, आणि तिथे त्यांची बाजू खरी होती, शॅम्पू स्टेशनच्या ड्रेन लाइनसाठी स्लॅब फोडला होता तिथून पाणी झिरपून छताचं प्लास्टर पोपडे धरून खाली येत होतं. ही झीज नाही, हे नुकसान, आणि नव्या किरायेदाराला गोदामही हवं होतं. प्लंबर तिथेच बोलावला, लाइन बंद करून वॉटरप्रूफिंग आणि प्लास्टरचे ३५,००० त्याने सांगितले.

शेवटी जमलं ते असं: वाढीचे १८,०००, जून एका महिन्याचे ६९,०००, तळघराचे ३५,०००, मिळून १,२२,००० डिपॉझिटमधून वजा आणि २,३८,००० परत. करारात 'हिशोबानंतर ३० दिवसांत' होतं, त्यावर मी अडून बसले, आज चावी हवी तर आज पैसे. भाच्याने आरटीजीएस करायला घेतलं, तोवर मी कब्जा-वापसीचं पत्र लिहिलं, त्यात मीटरचं रीडिंग, काय ठेवलं (सीलिंग, टाइल्स, पाइपिंग), काय नेलं (एसी, खुर्च्या, आरसे) आणि 'यापुढे दोघांचा एकमेकांवर काही दावा नाही' हे वाक्य. पैसे आल्याचा मेसेज दिसल्यावर सह्या झाल्या.

ताईंना एक लाख बावीस हजार जड गेलेच, दोन दिवस फोन करून विचारत होत्या की अठरा हजार तरी सुटले नसते का. नसते.

मेडिकलवाला पुढच्या आठवड्यात त्याचा ड्राफ्ट घेऊन माझ्याकडेच आला, कलम तेच, 'जागा मूळ स्थितीत परत करावी'. म्हणजे सहा-सात वर्षांनी ताईंच्या टाइल्स त्यालाच उखडायला लावल्या असत्या. मी त्यात 'ताबा मिळताना सोबतच्या फोटोंत दिसते त्या स्थितीत, सामान्य झीज वगळून' असं बदलून टाकलं, फोटोंच्या पानांवर काकांची सही मागितली, आणि वाढ, लॉक-इन दोन्ही एकाच तारखेपासून धरलं. सही त्यांनी दिली, तारखेवर मात्र अजून घोळ चालू आहे.