कोरा नकाशा

"अहो, यात नकाशा उमटलाच नाहीये," सर म्हणाले, आणि मला क्षणभर खरंच वाटलं की फाईल अर्धवट उघडली असेल. पडद्यावर महाराष्ट्राची बाह्यरेषा होती, जिल्ह्यांच्या बारीक रेघा होत्या आणि आत सगळीकडे एकच फिकट पिवळा रंग. डावीकडे किनाऱ्याला नीट निरखून पाहिलं तर एक गडद तपकिरी ठिपका दिसत होता. ती मुंबई होती. बाकी सगळं राज्य रिकामं.

काम साधं होतं, निदान ऐकताना तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सादरीकरण. त्यात एकच स्लाइड अशी हवी होती की राज्यात कुठे दाट वस्ती आहे आणि कुठे विरळ, ते पाहताक्षणी कळावं. सरांनी आधी "लोकसंख्येचा नकाशा" म्हटलं होतं. एकूण आकडे रंगवले तर अहमदनगर मुंबई शहरापेक्षा गडद येईल, कारण 2011च्या जनगणनेत तिथे 45 लाख लोक आहेत आणि मुंबई शहर जिल्ह्यात 31 लाख, हे मी त्यांना दाखवलं. फक्त ते 45 लाख 17,048 चौरस किलोमीटरवर पसरलेत आणि हे 31 लाख 157 चौरस किलोमीटरमध्ये आहेत. रंग क्षेत्रावर पसरतो, म्हणून त्याखालचा आकडाही क्षेत्राने भागलेला हवा. हे त्यांना लगेच पटलं. दर चौरस किलोमीटरला किती माणसं, म्हणजे घनता, एवढं ठरलं.

मी क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये जिल्ह्यांच्या सीमांची फाईल उघडली, जनगणनेचा तक्ता तिला जोडला आणि पाच रंग मागितले. वर्गवारी कशी करायची यासाठी Equal Interval निवडलं, म्हणजे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्यातलं अंतर पाच समान भागांत वाटायचं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण सगळ्यात लहान आकडा गडचिरोलीचा 74 आणि सगळ्यात मोठा मुंबई उपनगरचा 20,980. पाच भाग केले की एकेक पायरी 4,181ची झाली. पहिली पायरी 74पासून 4,255पर्यंत, आणि तिच्यात 35पैकी 33 जिल्हे जाऊन बसले. गडचिरोली 74, पुणे 603, तेव्हाचं अखंड ठाणे 1,157, सगळे एकाच फिकट रंगात. मधल्या तीन पायऱ्यांत कुणीच नाही. पाचव्या पायरीत मुंबईचे दोन जिल्हे, जे आकाराने इतके लहान की स्लाइडवर गडद रंग त्यांनाच मिळूनही दिसेना. सर "उमटलाच नाही" म्हणाले ते याच नकाशाला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. Equal Count (Quantile) निवडलं की प्रत्येक रंगात सात-सात जिल्हे येतात. पस्तीसला पाचने भाग छान जातो, नकाशा एकदम भरगच्च, रंगीबेरंगी झाला. सर खूश. मीही पाच मिनिटं खूश होते. मग नेहमीच्या सवयीने आकडे चढत्या क्रमाने लावून कुठे कुठे रेघ पडलीय ते पाहिलं. अहमदनगर 266, बुलढाणा 268, आणि त्या दोघांच्या मधून रेघ. चौरस किलोमीटरमागे दोन माणसांचा फरक, पण रंग वेगळे. आणि वरच्या टोकाला याच्या उलट: नाशिक 393 आणि मुंबई उपनगर 20,980 एकाच गडद तपकिरीत. बघणाऱ्याने नाशिक जिल्हा मुंबईसारखा दाट आहे असं मानलं तर चूक त्याची नाही.

ही पद्धत वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. आकडे बऱ्यापैकी सारखे पसरलेले असतील, साक्षरतेचे टक्के वगैरे, तर ती चांगली चालते. पण इथे आकड्यांचा घोळका एका बाजूला आणि दोन उंच मनोरे दुसऱ्या बाजूला. अशा वेळी संगणकाला विचारण्यापेक्षा आकड्यांची यादी कागदावर उतरवून स्वतः बघणं मला जास्त विश्वासाचं वाटतं. यादी बोलकी होती. 200च्या खाली चारच जिल्हे: गडचिरोली, सिंधुदुर्ग, चंद्रपूर, रत्नागिरी. 200 ते 300मध्ये सतरा. 300 ते 400मध्ये आठ. मग 400 ते 1,000मध्ये नागपूर, कोल्हापूर आणि पुणे. हजाराच्या वर ठाणे आणि दोन्ही मुंबई. मी याच जागी रेघा ओढल्या. पायऱ्या असमान आहेत, हे नकाशाच्या रंगसूचीत स्पष्ट दिसतं. पण राज्याची सरासरी 365 आहे, आणि 200, 300, 400 हे आकडे ऐकणाऱ्याच्या डोक्यात बसतात. 267.2 कुणाच्या बसत नाही.

रात्रीचे साडेआठ झाले होते. शेजारच्या टेबलवरची सहकारी निघता निघता माझ्या मागे थांबली. "अगं, रायगड इतका विरळ आहे? पनवेल, उरण सगळं त्यातच ना?"

रायगड पांढरा होता. त्याच्या खाली रत्नागिरी सगळ्यात फिकट पिवळा, आणि रायगड त्याहूनही फिकट. बघणाऱ्याला वाटणार की ही सहावी, सगळ्यात खालची पायरी आहे. वास्तविक जनगणनेत रायगडची घनता 368 आहे, राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित जास्तच.

आता इथे माझी चूक सांगते, कारण ती फार गोड रीतीने लपलेली होती. तक्ता जोडताना मी जिल्ह्यांची नावं वापरली होती. जनगणनेत काही नावांचं रोमन स्पेलिंग वेगळं असतं: बीडचं Bid, बुलढाण्याचं Buldana, गोंदियाचं Gondiya. हे माहीत होतं म्हणून तक्त्यातल्या कुठल्या नावाला जोडीदार मिळाला नाही याची यादी काढली, ती नावं हाताने सुधारली, पुन्हा पाहिलं तर यादी रिकामी. झालं, सगळे जुळले, असं समजून पुढे गेले. पण रायगडचं जनगणनेतलं स्पेलिंग Raigarh आहे, आणि माझ्या सीमांच्या फाईलमध्ये Raigad होतं. तरी तो यादीत का आला नाही? कारण फाईल साऱ्या देशाची होती आणि छत्तीसगडमध्ये Raigarh नावाचा जिल्हा आहे. त्याला जोडीदार मिळाला होता, फक्त भलत्याच राज्यात. मी नकाशा महाराष्ट्रापुरता कापून पाहत होते म्हणून दिसलं नाही. देशभराचा नकाशा मोकळा केला तेव्हा महाराष्ट्राबाहेर दोन जिल्हे रंगलेले निघाले: छत्तीसगडमधला रायगढ आणि बिहारमधला औरंगाबाद. आपल्या औरंगाबादचा आकडा दोन्ही औरंगाबादांना मिळाला होता. हसू की रडू कळेना.

नावांचा नाद सोडला. जनगणनेत प्रत्येक जिल्ह्याला क्रमांक असतो. 2011मध्ये महाराष्ट्राचे क्रमांक नंदुरबारच्या 497पासून सांगलीच्या 531पर्यंत आहेत, रायगड 520. सीमांच्या फाईलमध्ये तो रकाना भरून क्रमांकाने जोडणी केली आणि रायगड आपल्या रंगात आला. नावं बदलली तरी या जोडणीचं काही बिघडत नाही, आणि आपल्याकडे अलीकडे ती बदललीही आहेत.

तरीही एक भोक उरलंच. पालघर. तो जिल्हा 1 ऑगस्ट 2014ला ठाण्यातून वेगळा झाला. सीमांच्या फाईलमध्ये महाराष्ट्राचे 36 जिल्हे, तक्त्यात 35. क्यूजीआयएस असा रिकामा तुकडा रंगवतच नाही, तो खालच्या पानासारखा पांढरा राहतो. त्याहून वाईट म्हणजे उरलेल्या छोट्या ठाण्याला 1,157 हा जुन्या, मोठ्या ठाण्याचा आकडा चिकटला होता, जो त्याचा नाहीच. एक मोह झाला की पालघरलाही तोच आकडा द्यावा. रंग तोच आला असता, पण मग दोन जिल्हे स्वतंत्र मोजल्याचं नाटक झालं असतं. त्याऐवजी पालघरलाही 517 हा ठाण्याचा क्रमांक दिला आणि Dissolve चालवून त्या क्रमांकावर दोन्ही तुकडे एक केले. तळाला ओळ टाकली: "सीमा 2011प्रमाणे, ठाण्यात आजचा पालघर समाविष्ट."

शिवाय सगळ्या नकाशाखाली एक राखाडी, तिरप्या रेघांचा थर ठेवला. पुढे कधी एखादा जिल्हा सुटला तर तो पांढरा न राहता रेघांमधून ओरडेल.

राहिली मुंबई. स्लाइडवर नकाशाला चौदा सेंटिमीटर उंची मिळत होती, म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण पन्नास किलोमीटर. मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून 603 चौरस किलोमीटर. त्या मापाने पाव चौरस सेंटिमीटरही नाही, करंगळीच्या नखापेक्षा लहान. त्यात राज्यातले 11 टक्के लोक. उलट गडचिरोली राज्याच्या क्षेत्राचा जवळजवळ 5 टक्के भाग व्यापते आणि तिच्यात 1 टक्क्याहूनही कमी लोक आहेत. रंगवलेल्या नकाशाची ही खोड रंग बदलून जात नाही. मी समुद्राच्या रिकाम्या जागेत मुंबई-ठाण्याचा मोठा केलेला चौकोन बसवला. अरबी समुद्र एवढा कामाला यापूर्वी कधी आला नव्हता.

सकाळी दहाला सभागृहात जाऊन प्रोजेक्टरवर लावून पाहिलं ते बरं झालं. माझ्या पडद्यावर स्पष्ट दिसणाऱ्या सगळ्यात फिकट दोन छटा भिंतीवर एकच झाल्या होत्या. खालची छटा तशीच ठेवून वरच्या चारही थोड्या गडद केल्या आणि जिल्ह्यांच्या रेघा काळ्याऐवजी पांढऱ्या केल्या, तेव्हा फरक दिसू लागला.

सादरीकरणात त्या स्लाइडला दोन मिनिटं मिळाली. पूर्वेकडचं गडचिरोली-चंद्रपूर आणि दक्षिण कोकण ही विरळ टोकं लोकांना न सांगता दिसली. पालघरबद्दल एकाने विचारायला तोंड उघडलं, तळाची ओळ वाचली आणि मिटलं. मग मागच्या रांगेतल्या एका बाईंनी पुण्याकडे बोट दाखवलं. "603 म्हणता. पण हे वेल्ह्यातही 603 आहे का?"

नाही. ती सगळ्या जिल्ह्याची सरासरी आहे. शहर आणि घाटमाथा एकाच रंगाखाली आलेत, आणि या नकाशात ते वेगळे करता येत नाहीत, असं मी सांगितलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी मी तालुक्यांच्या सीमांची फाईल शोधत बसले होते, आणि या वेळी सगळ्यात आधी क्रमांकांचा रकाना आहे की नाही ते पाहिलं.