सीटीओंनी लगेच उत्तर दिलं, अडवलं ते फॉर्मने

पदवीचं साल टाकल्याशिवाय पुढे सरकत नाही आणि पुढचं साल टाकलं की ‘अवैध’ म्हणून लाल होतो, असा फॉर्म इंटर्नशिपसाठी ठेवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. इंटर्न म्हणजे अजून शिकतोय तोच ना? असो, आधी मूळ गोष्ट सांगते.

माझे काका नारायणगावजवळ टोमॅटो करतात. बियाणं, औषधं, बांधणीचं सामान ते एका स्टार्टअपच्या मराठी ॲपवरून मागवतात. एकदा म्हणाले, “अगं, यांच्याकडं दोऱ्या कधीच नसतात बघ.” मी माझ्या फोनवर तोच शब्द टाकला तर दोऱ्यांची लांबलचक यादी आली. आमच्या दोघांच्या फोनवर कीबोर्ड तेवढा वेगळा होता.

‘दोऱ्या’मधला तो आडवा अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एकात ऱ (U+0931) आणि हलन्त असतो, तर दुसऱ्यात साधा र (U+0930), हलन्त आणि त्यामागे U+200D हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्या यंत्रणेला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ह्युमिक ॲसिड’चंही तसंच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि अ वर चंद्र ठेवून लिहिलेला मजकूर आजही सगळीकडे सापडतो. बरेच जण म्हणतात की NFC हे युनिकोडचं ठरलेलं एकरूपीकरण लावलं की भागलं. नाही भागत. या दोन्ही जोड्यांना NFC हातही लावत नाही.

माझा उपाय एवढासाच होता:

```python
import unicodedata

def ekrup(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
    return s.replace("\u200c", "").replace("\u200d", "")
```

यात ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे. जोडचिन्ह आधीच पुसलं तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातला माणूस थेट समुद्रात. शिवाय हे मालाच्या नावांवर आणि ग्राहकाने टाइप केलेल्या शब्दावर, दोन्हीकडे चालवावं लागतं. एकाच बाजूला लावलं तर जुळण्याऐवजी आणखी फाटतं.

ॲपवर दिसणारी काही नावं हाताने टाइप करून मी एक छोटं पान केलं: डावीकडे साधा शोध, उजवीकडे एकरूप केलेला, आणि वर शब्द टाकायची एकच चौकट. त्यांच्या सर्व्हरवर स्क्रिप्ट सोडून माहिती ओढायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. कोणी पाहुणा विचारल्याशिवाय कपाट उघडायला लागला तर त्याला नोकरी कोण देईल?

मेल थेट सीटीओंना केला. त्यांचा पत्ता कंपनीच्याच तांत्रिक लेखांच्या पानावर होता. विषयाच्या ओळीत ‘इंटर्नशिप’ हा शब्द घातला नाही. ‘“दोऱ्या” शोधल्यावर काही फोनवर शून्य निकाल’ एवढंच लिहिलं. आत दोन स्क्रीनशॉट, कारण तीन ओळींत, पानाची लिंक, आणि शेवटी एक वाक्य: मी तिसऱ्या वर्षाला आहे, उन्हाळ्यात हे तुमच्याकडे बसून करायला आवडेल. सीव्ही जोडला, पण त्याबद्दल चकार शब्द लिहिला नाही. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: छान पकडलंत, एचआर तुमच्याशी बोलेल.

मी घरी पेढे आणायच्या बेतात होते.

एचआरकडून आली ती एक लिंक. फॉर्ममध्ये सध्याचा पगार विचारला होता, नोटीस पिरियड विचारला होता, आणि दोन्ही रकाने सक्तीचे. शून्य टाकलं तर चालेना. कॉलेजच्या यादीत आमचं कॉलेज नव्हतं आणि ‘इतर’ असा पर्यायही नव्हता. वर ते पदवीचं साल. मदतीसाठी दिलेल्या पत्त्यावर लिहिलं तर ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’ असं उत्तर आलं! शेवटी स्वागतकक्षाचा नंबर शोधून फोन लावला. पलीकडच्या मॅडम बिचाऱ्या चांगल्या बोलल्या, पण म्हणाल्या, “सिस्टिममध्ये इंटर्नची पोस्टच नाहीये, तुम्ही फ्रेशरमध्ये भरा.” फ्रेशरसाठी पदवी हवी. पदवी नाही म्हणून इंटर्न. फ्रेशरमध्ये कसंबसं भरलं असतं तरी पुढे गणिताची चाचणी होतीच, आगगाड्या एकमेकींना कधी भेटतात त्याची.

मग वाट बघणं. मेल उघडायचा, बंद करायचा. मैत्रीण म्हणाली, “सरांना ‘काही अपडेट?’ असं विचार.” मला ते नको होतं, कारण त्या दोन शब्दांत समोरच्याने करण्यासारखं काहीच नसतं. पण दुसऱ्यांदा लिहायचं तर काय?

तेव्हा मी बसून स्वतःलाच विचारलं, की त्यांच्या जागी मी असते तर या उपायावर पहिला आक्षेप कोणता घेतला असता? इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेच्या तयार भाषांमध्ये हिंदी आहे, मराठी नाही. मग हिंदीचंच का लावू नये? लावून पाहिलं. ‘दोऱ्या’ खरंच सापडलं, दोन्ही प्रकारांनी. पण तो हिंदीचा नियम ऱ चा र करतो, हलन्त काढून टाकतो, दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करतो. म्हणजे ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ पुन्हा एकच. हिंदी प्रत्यय छाटण्याची त्याची सवय मराठी शब्दांवर चालते ती निराळीच. शेतीच्या दुकानात यातलं काही चालूनही जाईल, हेही मी प्रामाणिकपणे लिहिलं; नेमकं कुठे बिघडेल त्याचा छोटा तक्ता दिला.

त्याच मेलच्या खाली, त्याच साखळीत, आणखी एक ओळ टाकली: इंटर्नची जागा सिस्टिममध्ये उघडलेली नाही, ती उघडायला तुमच्याकडून रिक्विझिशन लागतं का? हा शब्द मला त्याच फोनवरच्या मॅडमनी जाता जाता सांगितला होता. खरी गाठ तिथेच होती. विभागप्रमुखाने मागणी नोंदवल्याशिवाय एचआर जागा तयारच करू शकत नव्हतं, आणि सरांना वाटत होतं की काम एचआरकडे गेलंय म्हणजे पुढे सरकतंय. फॉर्मबद्दल मी त्यांच्याकडे एकदाही रडले नाही, फक्त नेमकं काय अडलंय ते सांगितलं. संध्याकाळपर्यंत नवी लिंक आली. त्यात पगाराचा रकाना नव्हता!

मुलाखत म्हणजे गप्पाच झाल्या. जुन्या सगळ्या मालाची यादी पुन्हा इंडेक्स करताना दुकान बंद ठेवायचं का, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, नवा इंडेक्स शेजारी बांधायचा आणि तयार झाला की नाव तिकडे वळवायचं. ते हसले. कॉलेजच्या एनओसीला काही अडचण आली नाही.

जूनपासून रुजू आहे. काकांना दोऱ्या सापडतात, पण भाव बघून ते अजूनही मंचरच्या दुकानातूनच घेतात.

आणि हो, एक राहिलंच: स्क्रीनशॉट घेताना फोनचा कीबोर्ड कोणता आणि ॲपची आवृत्ती कोणती, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. मला सरांच्या टीममधल्या दादाने पहिल्या तासात तेच विचारलं.