डेपोच्या दारातला जिओफेन्स: एका अलर्टसाठी दोन पॉलिगॉन

आमचा डेपो चाकणजवळ, पुणे-नाशिक महामार्गाला लागून आहे. एल आकाराचं आवार, मागच्या बाजूला पत्र्याची लांब शेड, पुढे गेट आणि गेटसमोर चहाची टपरी. गाडी आली की शेडमधल्या माथाडींच्या टोळीला लगेच कळावं आणि गाडी निघाली की पुढच्या गोदामाला निरोप जावा, एवढंच काम होतं. गाड्यांवर जीपीएस यंत्रं आधीपासून होती. चालू गाडी दर 10 सेकंदांनी एक पिंग पाठवते, म्हणजे वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, किती उपग्रह दिसतात आणि इग्निशन चालू की बंद. बंद गाडी 10 मिनिटांनी एक पाठवते. नकाशावर कुंपण, म्हणजे जिओफेन्स, आखायचं, पिंग आत पडलं की ‘आली’, बाहेर पडलं की ‘गेली’. दोन दिवसांत होईल असं मी सांगितलं होतं. नीट बसायला जवळजवळ महिना लागला, आणि तो कुठे गेला तेच इथे लिहितोय.

पहिल्यांदा ट्रॅकिंगच्या पॅनेलमध्ये तयार होता तो गोल वापरला. डेपोच्या मध्यावर बोट ठेवलं, त्रिज्या 150 मीटर. त्यात डेपो आला, महामार्गाचा तुकडा आला आणि शेजारचा पेट्रोल पंपही आला. आमच्याच गाड्या नाशिककडे जाताना समोरून गेल्या की ‘आली’ आणि लगेच ‘गेली’. त्रिज्या कमी केली तर शेडचं मागचं टोक बाहेर राहायचं. लांबट किंवा वाकड्या आवाराला गोल बसतच नाही, आणि रस्त्याकडेच्या डेपोला तर मुळीच नाही. म्हणून पॉलिगॉन, म्हणजे कोपरे जोडून आखलेली आकृती.

पॉलिगॉन मी उपग्रहाच्या चित्रावर भिंतीचे कोपरे टिपून काढला आणि पोस्टजीआयएस या नकाशाच्या डेटाबेसमध्ये टाकला. तो डेपोवर दिसेचना. नकाशा दूर करत गेलो तेव्हा सापडला, नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो, मग रेखांश. पोस्टजीआयएसला आधी रेखांश लागतो. चाकणचा 18.76, 73.86 हा बिंदू उलटा झाला की तिकडेच जातो. क्रम नीट केल्यावर दुसरी अडचण आली. एल आकाराचे सहा कोपरे टिपताना दोन मागेपुढे झाले होते आणि पॉलिगॉनच्या कडा एकमेकींना छेदत होत्या. अशा आकृतीत आत कुठलं आणि बाहेर कुठलं, याचं उत्तर भरवशाचं राहत नाही. `ST_IsValid` विचारल्यावर ते कळलं, आणि आता नवीन कुंपण आखलं की मी तो प्रश्न आधी विचारतो.

उपग्रहाचं चित्र जमिनीवर काही मीटर सरकलेलं असू शकतं, त्यामुळे त्याच्यावरही विसंबलो नाही. एका पिकअपवर यंत्र बसवलेलं होतं. ती भिंतीच्या आतून अगदी हळू, पूर्ण फेरी मारून फिरवली आणि तिची पिंगं नकाशावर टाकली. उत्तरेकडची माझी कड भिंतीच्या बरीच आत आली होती, ती सरकवली. अर्ध्या तासाचं काम, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पॉलिगॉन बरोबर झाला आणि त्याच रात्री शेडच्या सुपरवायझरांचा फोन आला. “साहेब, गाडी माझ्या डोळ्यांसमोर उभी आहे. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलाय. आणि मोबाईल म्हणतोय गाडी गेली.” सकाळी त्या गाडीची पिंगं काढून बघितली.

```
time      sat  hdop  ign  fence
23:40:12   11   0.9   0   in
23:50:12    5   3.8   0   out
00:00:13    9   1.2   0   in
00:10:13    5   4.1   0   out
```

गाडी हललेली नाही, इग्निशन बंद आहे. ती पत्र्याच्या शेडला खेटून, मागच्या भिंतीजवळ लावलेली होती. तिथे अर्धं आकाश झाकलं जातं आणि उपग्रहाचे सिग्नल पत्र्यावर आपटून वळसा घेऊन यंत्रापर्यंत येतात. यंत्राला तो वळसा म्हणजे अंतर वाटतं आणि बिंदू भिंतीपलीकडे वीस-बावीस मीटर जाऊन पडतो. 5 उपग्रह आणि 3.8 एचडीओपी हे त्याचंच लक्षण आहे. एचडीओपी म्हणजे उपग्रहांची मांडणी किती सोयीची आहे याचा आकडा. एकच्या आसपास चांगला, वाढत गेला की बिंदूवरचा भरवसा कमी.

इथे मला नीट समजलं की मी रेघ आखत होतो, पण येणारा बिंदू हा बिंदू नसून एक डाग असतो, कधी लहान, कधी मोठा. डाग रेघेवर पडला की तो आत आणि बाहेर दोन्हीकडे असतो. म्हणून एका रेघेवर दोन्ही निर्णय घ्यायचेच नाहीत. मी दोन पॉलिगॉन केले. ‘आली’ म्हणायला गाडी आतल्या पॉलिगॉनमध्ये यायला हवी. ‘गेली’ म्हणायला ती बाहेरच्या पॉलिगॉनच्याही पलीकडे जायला हवी. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात गाडी असेल तर आधीची स्थिती तशीच राहते.

बाहेरचा पॉलिगॉन सुरुवातीला भिंतीच्या पॉलिगॉनवरून 30 मीटर फुगवून घेतला.

```sql
UPDATE depot
SET outer_geom = ST_Buffer(wall_geom::geography, 30)::geometry
WHERE id = 1;
```

`geography` लिहिलं नाही तर 30 हा आकडा मीटर न राहता अंश होतो, आणि 30 अंशांत अख्खा भारत मावतो. हे चुकलं तर गाडी कधीच ‘जात’ नाही, त्यामुळे चूक लवकर लक्षातही येत नाही.

पण सगळीकडून सारखे 30 मीटर ठेवणं मला पटेना. गेटसमोरची टपरी भिंतीपासून पंचवीस मीटरवर आहे. माल भरून निघालेली गाडी तिथे चहाला थांबली की आमच्या हिशोबात ती अजून आतच, आणि पुढचं गोदाम वाट बघत बसतं. उलट गेटच्या बाजूला कुणी रात्रभर गाडी लावत नाही, आकाशही मोकळं आहे, म्हणजे डाग लहान. म्हणून तिथे बाहेरची कड हाताने ओढून भिंतीपासून 12 मीटरवर आणली आणि शेडच्या मागे 30 तशीच ठेवली. आतला पॉलिगॉन फक्त महामार्गाच्या बाजूला भिंतीपासून 15 मीटर आत घेतला, म्हणजे समोरून जाणाऱ्या गाडीचं एखादं भरकटलेलं पिंग त्यात पडणार नाही. बाकी बाजूंना तो भिंतीलगतच आहे. कुठल्या कडेला किती जागा सोडायची हे त्या कडेला गाड्या काय करतात यावरून ठरतं. संगणकासमोर बसून ते सुचत नाही, गेटवर उभं राहावं लागतं.

पॉलिगॉननंतर नियम. एका पिंगवर निर्णय नाही. लागोपाठ दोन पिंगं हवीत. गेटमधून गाडी ताशी 10 किलोमीटरने येते, म्हणजे दोन पिंगांमध्ये ती अठ्ठावीस मीटर सरकते, त्यामुळे दोन पिंगं सहज मिळतात. अलर्ट दहा सेकंद उशिरा जातो, पण त्यात वेळ पहिल्या पिंगची लिहितो. सहापेक्षा कमी उपग्रह किंवा 2.5 च्या वर एचडीओपी असेल तर ते पिंग मोजत नाही. आणि इग्निशन बंद असेल तर ‘गेली’ म्हणायचंच नाही. टो करून नेलेली गाडी यातून सुटेल हे मला माहीत आहे. त्यासाठी वेगळा अलर्ट आहे. रात्री झोपलेल्या माणसांना खोटे निरोप जाणं मला जास्त वाईट वाटलं.

यानंतर आठवडाभर शांत गेला आणि मग कल्याणहून माळशेज घाटातून आलेल्या एका गाडीने नवीनच प्रकार दाखवला. गाडी आली, अलर्ट गेला, टोळी धक्क्यावर आली. वीस मिनिटांनी ‘गेली’, मग लगेच पुन्हा ‘आली’. या वेळी पत्र्याचा संबंध नव्हता. घाटात नेटवर्क नसताना यंत्र पिंगं स्वतःजवळ साठवतं. हे यंत्र ताजी पिंगं आधी पाठवतं आणि साठलेली नंतर, सवडीने. गाडी डेपोत उभी असताना घाटातली जुनी पिंगं येऊन पोहोचली, आणि माझ्या प्रोग्रॅमने पिंग कधीचं आहे ते न बघता कधी आलं ते बघितलं. त्याला वाटलं गाडी डेपोतून एका क्षणात घाटात गेली. तेव्हापासून पहिली अट ही आहे:

```python
if p.device_time <= v.last_time:
    save_only(p)      # no alert
    return
```

जुनं पिंग नोंदीत जातं, अंतराच्या हिशोबाला लागतं, पण अलर्टला हात लावत नाही. यासाठी यंत्राची वेळ नीट वाचावी लागते. ती यूटीसीमध्ये असते. सकाळी 9:10 ला आलेली गाडी मला 3:40 ला आलेली दिसत होती. साठवताना यूटीसीच ठेवली आणि फक्त दाखवताना साडेपाच तास मिळवले.

शेवटी पडताळणी. गेटवरचे मामा गेली कित्येक वर्षं वही ठेवतात: गाडी नंबर, आत, बाहेर, सही. सात दिवसांची पानं त्यांच्याशेजारी बसून माझ्या नोंदींशी लावली. वहीतल्या वेळा पाच मिनिटांना जुळवून लिहिलेल्या असतात, 6:15, 6:20, तेवढा फरक सोडून दिला. एक गाडी मात्र वहीत होती आणि माझ्याकडे नव्हती. मामा म्हणाले, “ही आली होती, मीच गेट उघडलं.” मी तिच्या ड्रायव्हरला बोलावलं, डॅशबोर्डखाली हात घातला, तर यंत्राचा फ्यूज उडालेला होता. आदल्या संध्याकाळपासून त्या गाडीचं एकही पिंग नव्हतं आणि माझा प्रोग्रॅम तिला शांतपणे ‘बाहेर’ समजत होता. आता अर्धा तास एकही पिंग आलं नाही तर स्थिती ‘आत’ही नाही आणि ‘बाहेर’ही नाही, ‘माहीत नाही’ अशी होते, आणि पहिला निरोप मामांच्या मोबाईलवर जातो.